मॉलमधल्या सँपलिंग स्टँडसाठी तीस सेकंदांचं बोलणं कसं लिहायचं?

प्रश्न: «आमचा थालीपिठाच्या भाजणीचा भाजलेला क्रॅकर आहे. पुढच्या महिन्यात पुण्यातल्या एका मॉलमध्ये दोन वीकएंड स्टँड मिळालाय. दोन मुली ठेवणार आहोत. त्यांनी स्वागत करायचं, माहिती द्यायची आणि नंबर घ्यायचा, हे सगळं तीस सेकंदांत बसलं पाहिजे असं म्हणतात. मी लिहून दिलेलं बोलणं सव्वा मिनिटाचं होतंय. काय कापू?»

मी गेली अठरा वर्षं पुण्यात हेच काम करतेय. आधी मी स्वतः ट्रे घेऊन उभी राहायचे, आता प्रमोटर तयार करते. कापाकापीला बसण्याआधी एक हिशोब मांडून पाहा. गडबड न करता बोलणारा माणूस सेकंदाला साधारण दोन शब्द बोलतो. म्हणजे तीस सेकंदांत साठ शब्द. पण त्यात गिऱ्हाईक थांबणार, तुकडा उचलणार, चावणार, काहीतरी विचारणार, मोबाइल काढणार. या सगळ्यात तिसरा हिस्सा वेळ जातो. तुमच्या मुलीच्या वाट्याला पस्तीस-चाळीस शब्द उरतात. दीडशे शब्दांचं बोलणं कापून चाळीसवर आणलं तर त्याची तार होते, ऐकणाऱ्याला ते टोचतं. म्हणून कापू नका. आधी हातांचा क्रम ठरवा आणि त्यात जिथे फट राहील तिथेच शब्द घाला.

हातांचा क्रम असा: ट्रे पुढे, तुकडा तोंडात, रिकामी वाटी परत, मोबाइल बाहेर. बोलणं या चार हालचालींच्या मागून चालतं.

सुरुवातीचे पाच सेकंद. ट्रे कोपराच्या उंचीवर धरून अर्धा हात पुढे आणि तोंडाने एवढंच: «नमस्कार, थालीपिठाच्या भाजणीचा क्रॅकर आहे, घ्या ना.» इथे प्रश्न विचारायचा नाही. «टेस्ट करणार का?» म्हटलं की पुणेकर चालता चालता «नको» म्हणतो, आणि एकदा नको म्हटलेला माणूस परत वळत नाही. तुमच्याकडे तर ओळखीचा शब्द आयता आहे. थालीपीठ म्हटलं की मान वळतेच. तुमच्या मजकुरात सुरुवातीला ब्रँडचं नाव, मग «हेल्दी», मग «मल्टिग्रेन» येतं आणि भाजणी चौथ्या वाक्यात. तोवर माणूस सरकत्या जिन्यावर पोचलेला असतो. ब्रँडचं नाव मागच्या फलकावर आहे, ते वाचू द्या.

हाक कशी मारायची याचा एक बारकावा. पस्तिशीतल्या बाईला «काकू» म्हटलं की तो नमुना वाया गेला असं समजा. «ताई» चालतं, «मॅडम» चालतं, पण सगळ्यात बरं म्हणजे नुसतं «नमस्कार». पांढरे केस दिसले तर «काका, आजी» खुशाल म्हणा, त्यांना ते आवडतं. सुरुवात मराठीतच करा. समोरून हिंदी आली तर पुढचं वाक्य हिंदीत. विमाननगर, खराडीकडच्या मॉलमध्ये हे दर तिसऱ्या माणसाला करावं लागतं, म्हणून दोन्ही मुलींचं हिंदी बोलणंही आधीच बसवून घ्या. ऐनवेळी मनात भाषांतर करत बोलणारी मुलगी अडखळते आणि अडखळली की खाली बघते.

पुढचे दहा-बारा सेकंद गिऱ्हाईक चावत असतं. तुमचा खरा वेळ तो. तोंडात घास असलेला माणूस निघून जात नाही आणि मध्ये बोलतही नाही. पण घास योग्य मापाचा हवा. पूर्ण क्रॅकर दिला तर वीस-पंचवीस सेकंद चावण्यातच जातात आणि विचारलेल्याचं उत्तर हातवाऱ्यांनी मिळतं. फारच छोटा तुकडा दिला तर चव कळायच्या आत संपतो. घरी घड्याळ लावून पाच-सहा जणांना खाऊ घाला आणि आठ ते दहा सेकंदांत संपेल असा तुकडा ठरवा. चार सेंटिमीटरच्या क्रॅकरचा बहुधा अर्धा तुकडा पुरेल.

त्या दहा सेकंदांत दोनच वाक्यं. पहिल्यात जिभेवर आत्ता काय लागतंय ते: «ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, धने-जिरे घालून केलेली भाजणी आहे.» दुसऱ्यात न दिसणारी गोष्ट: «तळलेलं नाही, ओव्हनमध्ये भाजलंय.» एवढंच. फायबर, प्रोटीन, आजीची रेसिपी, स्टार्टअपची गोष्ट हे सगळं पाकिटाच्या मागच्या बाजूला. आणि जे पाकिटावर छापलेलं नाही ते मुलीच्या तोंडी देऊ नका. «शुगरवाल्यांना चालतं» हे वाक्य प्रमोटर हमखास स्वतःहून जोडतात, कारण ते म्हटलं की ज्येष्ठ मंडळी थांबतात. ते पहिल्या दिवशीच बंद करा. खाण्याच्या वस्तूबद्दल आजाराचा दावा करणं कायद्याने अडचणीचं आहे, आणि उद्या कुणाची शुगर वाढली तर ते कुटुंब तुमच्याच स्टँडवर येणार.

मग प्रश्न. «कसं वाटलं?» विचारू नका. त्याचं उत्तर «छान» असतं, आणि «छान» म्हणजे पुण्यात संभाषण संपलं. दोन्ही बाजूंनी खरं उत्तर देता येईल असं काहीतरी विचारा: «तिखट एवढंच ठीक आहे, का थोडं कमी हवं होतं?» आता माणूस क्षणभर चवीचा विचार करतो. «मुलांसाठी कमी हवं» म्हणाला तर घरात मुलं आहेत हे कळलं. «अजून चाललं असतं» म्हणाला तर चहाबरोबर खाणारा आहे हे कळलं. रस कुणाला आहे हे इथे कळतं, नंबर ही त्याची फक्त नोंद. ज्याने या प्रश्नाला खांदे उडवले त्याच्याकडे नंबर मागूच नका, «थँक्यू» म्हणून सोडून द्या. तीस सेकंदांची मर्यादा खरं तर यासाठीच असते: नको असलेल्या माणसात वेळ जाऊ नये आणि ट्रेपुढची जागा मोकळी राहावी.

आता वाटीकडे येते, कारण सगळ्यात जास्त नंबर मी तिथे घालवलेत. एका मसाल्याच्या कंपनीचं काम होतं, सुका नमुना, कागदी वाटीत. शनिवारी संध्याकाळी गर्दी उत्तम, लोक थांबत होते, खात होते, तिखटाबद्दल बोलतही होते, आणि क्यूआर मात्र कुणी स्कॅन करेना. मी दोन तास वाक्यं बदलत बसले. «ऑफर आहे» म्हणून पाहिलं, «फक्त दोन सेकंद» म्हणून पाहिलं, मुलींना ओरडलेसुद्धा. शेवटी वैतागून समोरच्या बाकावर जाऊन बसले आणि नुसतं बघितलं. एका बाईच्या डाव्या हातात दोन पिशव्या, उजव्या हातात रिकामी वाटी. मुलगी म्हणतेय, «मॅडम, हे स्कॅन करा ना.» बाईने एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा डस्टबिन शोधला, तो दिसला नाही, म्हणाली «नंतर करते» आणि वाटीसकट निघून गेली. पुढचे दोघे तसेच गेले. कचऱ्याचा डबा आम्ही नीटनेटकं दिसावं म्हणून टेबलाखाली ढकलला होता.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये एक ओळ बोलायची नसते, करायची असते: प्रश्न विचारताना मोकळा हात पुढे करून वाटी परत घ्या. «द्या इकडे» एवढे दोन शब्द. हात मोकळा झाला की मोबाइल निघतो. शिवाय त्यात पाहुणचार दिसतो, म्हणून माणूस जरा सैलही होतो. तुमचा क्रॅकर कोरडा आहे, वाटीऐवजी टिश्यूच्या छोट्या चौकोनावर दिलात तरी चालेल, पण तो टिश्यूही परत घ्याच. आणि डबा टेबलाच्या पुढच्या बाजूला, दिसेल असा.

शेवटचे आठ-दहा सेकंद नंबरचे. इथे मी लोकांकडून नंबर टाइप करून घ्यायचं सोडून दिलंय. दहा आकडे विचारणं, लिहिणं, परत म्हणून दाखवणं यातच पंधरा सेकंद जातात, आणि आवाजात एखादा आकडा चुकतोच. त्यापेक्षा स्कॅन केल्यावर गिऱ्हाइकाच्याच फोनवर व्हॉट्सॲप उघडेल आणि संदेश आयता लिहिलेला असेल असा क्यूआर करा. त्याने फक्त पाठवायचं बटण दाबायचं. त्यासाठीची लिंक अशी असते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Bhajani%20mahiti%20pathva%20S1
```

X च्या जागी तुमचा दहा आकडी नंबर. आधी 91, पण + नको आणि शून्यही नको. %20 म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा. शेवटचं S1 म्हणजे पहिला शनिवार. रविवारसाठी R1 करा आणि दुसऱ्या आठवड्यासाठी पुन्हा वेगळं, म्हणजे कुठल्या दिवशी कोण आलं हे संदेशातच दिसेल. या लिंकचा क्यूआर कुठल्याही साध्या जनरेटरमध्ये बनतो. व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमध्ये पहिल्या संदेशाला आपोआप जाणारं उत्तर ठेवता येतं, त्यात किंमत आणि दुकानांची यादी टाकून ठेवा.

याचा दुसरा फायदा असा, की नंबर तुम्ही घेतलेला नसतो, माणसाने स्वतः पाठवलेला असतो. वैयक्तिक डेटाबद्दलचा २०२३ चा कायदा संमती स्पष्ट असावी आणि कशासाठी ते आधी सांगावं असं म्हणतो. म्हणून क्यूआरच्या खाली एक ओळ छापा: «या नंबरवर फक्त आमच्या क्रॅकरची माहिती आणि ऑफर येईल. नको असल्यास ‹बंद› असं लिहा.» आणि कुणी खरंच तसं लिहिलं तर बंद करा. अठरा वर्षांखालच्यांकडून स्कॅन करून घेऊ नका, कितीही उत्साहाने पुढे आले तरी. त्यांच्यासाठी पालकांची संमती लागते.

क्यूआर कुठे लावता यावरही बरंच ठरतं. स्टँडीवर, मुलीच्या पाठीमागे लावलात तर तीच आड येते. टेबलाच्या पुढच्या कडेला, जरा तिरका, छातीच्या खाली लावा. ढोबळ हिशोब असा, की जितक्या अंतरावरून स्कॅन होणार त्याच्या एक दशांश क्यूआरची रुंदी हवी. मीटरभरावरून स्कॅन करायचा तर दहा सेंटिमीटर. चकचकीत लॅमिनेशन करू नका, मॉलचे दिवे त्यावर आरशासारखे पडतात. आणि आदल्या दिवशी त्याच जागी उभं राहून दोन वेगवेगळ्या सिमवर चालवून बघा. तळमजल्याच्या कोपऱ्यात रेंज जाते. तसं असेल तर छोट्या चिठ्ठ्या आणि झाकणाची पेटी ठेवा, ज्याची चिठ्ठी त्याने आत टाकायची. वही उघडी ठेवू नका, आधीच्या पंधरा जणांची नावं-नंबर सोळावा वाचतो आणि त्याला स्वतःचा नंबर लिहावासा वाटत नाही.

तर आता सलग ऐका. मी हे घड्याळ लावून म्हणून पाहिलंय.

«नमस्कार, थालीपिठाच्या भाजणीचा क्रॅकर आहे, घ्या ना.» (तुकडा उचलला, चावतायत.) «ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, धने-जिरे घातलेली भाजणी. तळलेलं नाही, भाजलंय.» (थांबा. खरंच थांबा, दोन सेकंद.) «तिखट ठीक आहे, का कमी हवं होतं? द्या इकडे.» (टिश्यू परत, उत्तर ऐका.) «पाकीट ऐंशीला आहे, इथेच मिळेल. घराजवळचं दुकान हवं असेल तर हे स्कॅन करून नुसतं सेंड करा.»

ऐंशी हा आकडा मी धरलाय, तुमची किंमत घाला. पण किंमत बोलण्यात असायलाच हवी. न सांगता नंबर मागितला की लोकांना वाटतं, काहीतरी महाग गळ्यात मारणार.

शब्द मोजलेत तर चाळीसच्या थोडे वर जातात, आणि दोन सेकंदांच्या थांब्यासकट अठ्ठावीस-तीस सेकंद होतात. यापुढे ज्याला बोलायचं असेल त्याला दुसऱ्या मुलीकडे वळवा. ट्रेवालीने एकाशी दोन मिनिटं बोलायचं नाही, पाकिटं आणि सुट्टे पैसे दुसरीकडे. दर तासाला दोघींनी जागा बदलायच्या, कारण तिसऱ्या तासाला ट्रेवालीचा «नमस्कार» यंत्रातून आल्यासारखा यायला लागतो.

चार आडवे प्रश्न नक्की येतील, त्यांची एकेका ओळीची उत्तरं पाठ करून घ्या. कांदा-लसूण आहे का, गहू आहे का, कुठे मिळेल, आणि आज उपास आहे. पहिल्या दोन्हींना नेमकं होय किंवा नाही. «बहुतेक नाही» म्हणणारी मुलगी स्टँडवर नको. भाजणीत गहू असतोच बहुधा, आणि तुमच्या कारखान्यात शेंगदाणे हाताळले जात असतील तर तेही सांगायचं. घटक आणि ॲलर्जीची पाटी, एफएसएसएआय परवान्याचा नंबर हे ट्रेच्या शेजारी दिसू द्या. लहान मुलाने हात पुढे केला तर आधी आई-वडिलांकडे बघून «देऊ ना?» विचारायचं, मग द्यायचं.

उपासाचं उत्तर मात्र वेगळं हवं. संकष्टी, एकादशी, श्रावणातले सोमवार-शनिवार या दिवशी पुण्यात अर्धे ज्येष्ठ «आज उपास» म्हणतात, आणि ते काही टाळण्यासाठी नसतं. अशा माणसाच्या हातात दोन तुकड्यांचं सीलबंद छोटं पाकीट द्या: «उद्या चहाबरोबर खाऊन बघा.» पाकिटावर तोच क्यूआर. तुमच्या दोन वीकएंडला कुठली तिथी येते ते कालनिर्णयमध्ये आधी बघून घ्या आणि त्या दिवसासाठी सीलबंद पाकिटं जास्त न्या.

सराव घरी खुर्चीवर बसून करून घेऊ नका. मुलींना उभं करा, हातात ट्रे द्या, आणि तुम्ही पिशव्या घेऊन त्यांच्यासमोरून चाला. कधी थांबा, कधी फोनवर बोलत जा, कधी मध्येच «केवढ्याला?» विचारा. वीस फेऱ्या झाल्या की पाठ केलेली वाक्यं त्यांच्या स्वतःच्या तोंडाची होतात. कुणी «घ्या ना» ऐवजी «चाखून बघा» म्हणत असेल तर म्हणू द्या. क्रम, किंमत आणि घटक बदलता कामा नयेत.

प्रत्यक्ष दिवशी तासागणिक एका कागदावर तीन रांगा ठेवा आणि रेघा मारत जा: ट्रेपाशी थांबले, खाल्लं, स्कॅन केलं. कुठे बिघडलंय ते या रेघांत दिसतं. थांबणारेच कमी असतील तर जागा किंवा पहिलं वाक्य चुकतंय. बहुधा स्टँड सरकत्या जिन्याच्या तोंडाशी असतो, तिथे मागून लोक ढकलतात आणि कुणी थांबू शकत नाही. मॉलवाल्यांशी बोलून दोन-तीन मीटर पुढे सरका. आखून दिलेल्या चौकोनाबाहेर जाऊन लोकांना गाठणं मात्र त्यांना चालत नाही. थांबतात पण खात नाहीत, तर ट्रे बघा. तुकड्यांचा चुरा झालाय, झाकण नाही, किंवा मुलगी चिमट्याऐवजी बोटांनी देतेय. पावसाळा असेल तर क्रॅकर मऊ पडलाय का तेही बघा, एका वेळी एकच पाकीट फोडा. खातात पण स्कॅन करत नाहीत, तर आधी त्यांचे हात बघा, वाक्याचं नंतर.

एक सावधगिरी पैशाची. प्रमोटरला दर नंबरामागे पैसे कबूल करू नका. मी एकदा केले होते. संध्याकाळी यादी भरगच्च, सोमवारी फोन लावले तर मुलींच्या मावश्या, मैत्रिणी आणि एक रिक्षावाले काका. व्हॉट्सॲपवरून आलेल्या संदेशांत हे लपवणं अवघड जातं, पण तरीही दहा मिनिटांत सलग आठ संदेश आणि मग तासभर काहीच नाही असं दिसलं तर विचारा. द्यायचेच असतील तर दिवसाचे ठरलेले द्या आणि विकलेल्या पाकिटांवर थोडे वर.

पहिल्या शनिवारचा पहिला तास तुम्ही स्वतः ट्रे धरा, मुली बघतील. दुसऱ्या तासापासून तुम्ही समोरच्या बाकावर.